पॅच-डिस्क्रिमिनेटर आणि एल१ लॉस: जोडीच्या चित्रांवर `pix2pix` शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पद्धतीत नेमकं काय घडतं?

एका चित्रावरून दुसरं चित्र बनवायचं असतं. इमारतीच्या दर्शनी भागाचा रंगीत आराखडा दिला, ज्यात खिडकी एका रंगात, दार दुसऱ्या रंगात आणि भिंत तिसऱ्या रंगात आहे, तर त्यावरून फोटो काढल्यासारखं चित्र यावं, असं काहीतरी. शिकवायला आराखडा आणि खरा फोटो अशा जोड्या लागतात. जनरेटर आराखडा घेऊन चित्र काढतो. डिस्क्रिमिनेटर आराखडा आणि चित्र दोन्ही शेजारी ठेवून ‘हे चित्र खरं की बनवलेलं’ ते सांगतो. जनरेटरला दोन गोष्टी साधायच्या असतात: डिस्क्रिमिनेटरला फसवायचं आणि त्याच वेळी खऱ्या फोटोपासून पिक्सेलगणिक फार दूर जायचं नाही.

```
L = L_cGAN(G, D) + λ * L_L1(G)
```

इथे G म्हणजे जनरेटर आणि D म्हणजे डिस्क्रिमिनेटर. पहिला भाग फसवण्याचा, दुसरा एल१, म्हणजे पिक्सेलगणिक फरकांची सरासरी, आणि या दुसऱ्या भागाला दिलेलं वजन म्हणजे लॅम्डा. ही मांडणी फिलिप इसोला, जुन-यान झू, टिंगहुई झोऊ आणि अलेक्सेई एफ्रोस यांनी बर्कलीहून २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मांडली आणि २०१७ च्या सीव्हीपीआर परिषदेत ती प्रसिद्ध झाली. त्यांनी लॅम्डा १०० ठेवला होता. तेव्हापासून हा आकडा एका कोडमधून दुसऱ्या कोडमध्ये जसाच्या तसा उतरत आला आहे. तो १०० का, आणि तो बदलला की चित्रात काय बदलतं, हे फारसं कुणी बघत नाही. खालची बरीचशी उत्तरं त्याच्याभोवतीच फिरतात, कारण माझ्या अनुभवात या मॉडेलचे निम्म्याहून जास्त दोष ‘दोन लॉसपैकी कोणाचं काम कोणी केलं नाही’ एवढ्या एका प्रश्नातून उलगडतात.

नुसता एल१ का पुरत नाही? खऱ्या चित्राशीच तर तुलना करतोय आपण.

आराखड्यात ‘भिंत’ एवढंच लिहिलेलं आहे. भिंत विटांची आहे, हे मॉडेल इतर उदाहरणांवरून शिकेल. पण विटांमधल्या दर्जा, म्हणजे सिमेंटच्या फिकट रेघा, नेमक्या कोणत्या पिक्सेलवर आहेत हे आराखड्यातून कधीच कळणार नाही. ते कळत नसताना एल१ काय करतो, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे.

पिक्सेलची किंमत −१ ते १ मध्ये मोजू. विटेची किंमत ०.१ आणि दर्जेची ०.७ धरू. भिंतीचे ८० टक्के पिक्सेल विटेचे आणि २० टक्के दर्जांचे. आता जनरेटरपुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे सगळी भिंत सपाट विटेच्या रंगाची काढायची. तेव्हा चूक फक्त दर्जांच्या जागी होते: ०.२ × ०.६ = ०.१२. दुसरी वाट म्हणजे दर्जा ठळक काढायच्या, पण त्या खऱ्या जागी पडतील याची खात्री नाही. मग १६ टक्के पिक्सेलवर वीट असताना दर्ज काढली जाते आणि १६ टक्क्यांवर दर्ज असताना वीट. चूक ०.३२ × ०.६ = ०.१९२. म्हणजे भिंत जास्त खरी दिसू लागली आणि एल१ दीडपटीहून जास्त वाढला. एल१ एकटा असेल तर जनरेटर सपाट भिंतच निवडणार, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरही आहे. अनिश्चित जागी एल१ मध्यक निवडतो, आणि इथे मध्यक म्हणजे विटेचा रंग.

तिसरी वाट म्हणजे दर्जा फिक्या काढायच्या, ०.७ ऐवजी ०.३ च्या. चूक तीन जागी होते. वीट असताना फिकी दर्ज: ०.१६ × ०.२ = ०.०३२. दर्ज असताना फिकी दर्ज: ०.०४ × ०.४ = ०.०१६. दर्ज असताना वीट: ०.१६ × ०.६ = ०.०९६. एकूण ०.१४४.

आता डिस्क्रिमिनेटर आणू. समजा सपाट भिंत बघून तो ती खरी असण्याची शक्यता ०.०२ देतो, फिकी बघून ०.३ आणि ठळक बघून ०.५. (हे तीन आकडे मी उदाहरणापुरते धरले आहेत. ट्रेनिंग पुढे जाईल तसे ते बदलत राहतात.) जनरेटरचा अ‍ॅडव्हर्सेरियल लॉस म्हणजे या शक्यतेचा ऋण लॉगरिदम: ३.९, १.२ आणि ०.७. लॅम्डा १०० असताना बेरीज अशी येते: सपाट १२ + ३.९ = १५.९, फिकी १४.४ + १.२ = १५.६, ठळक १९.२ + ०.७ = १९.९.

फिकी भिंत जिंकली, तीही थोडक्यात. लॅम्डा १०० वर पोत आला खरा, पण त्याचा आवाज बसलेला, ही तक्रार इतक्या वेळा का येते ते या बेरजेत दिसतं. आता लॅम्डा १० करून पाहा: सपाट १.२ + ३.९ = ५.१, फिकी १.४४ + १.२ = २.६४, ठळक १.९२ + ०.७ = २.६२. ठळक दर्जांनी केसभर आघाडी घेतली आणि सपाट भिंत स्पर्धेतूनच बाहेर गेली.

मग लॅम्डा कमीच ठेवावा की!

भिंतीपुरतं बोलायचं तर हो. पण चित्रात खिडक्याही असतात, आणि खिडकी कुठे आहे हे आराखडा अगदी नेमकं सांगतो. तिथे खऱ्या जागेची माहिती जनरेटरला आहे, त्यामुळे ठळक कडा काढल्याबद्दल एल१ त्याला दंड करत नाही, उलट बक्षीस देतो. एल१ चं खरं काम हेच: मोठे आकार, त्यांच्या जागा, ढोबळ उजेड-सावली आणि रंग धरून ठेवणं. लॅम्डा शून्य केला की चित्र धारदार होतं, पण आराखड्यात नसलेल्या गोष्टी उगवायला लागतात, विशेषतः ट्रेनिंगच्या जोड्या थोड्या असतील तेव्हा.

मूळ प्रयोगात सिटीस्केप्सच्या रस्त्यांच्या आराखड्यांवर हे मोजलं होतं. बनवलेलं चित्र एका आधीच शिकलेल्या सेगमेंटेशन नेटवर्कला द्यायचं आणि त्याला किती पिक्सेल बरोबर ओळखता येतात ते बघायचं. नुसत्या एल१ ला ०.४२ मिळाले, नुसत्या कंडिशनल गॅनला, म्हणजे आराखडा बघणाऱ्या डिस्क्रिमिनेटरला, ०.५७ आणि दोन्ही मिळून ०.६६. खऱ्या फोटोंनासुद्धा ०.८० च मिळाले होते, हे लक्षात ठेवून ते आकडे वाचायचे.

माझी पद्धत अशी: १०० वर सुरू करायचं, शंभरेक इपॉकनंतर चित्रं बघायची आणि दोनच प्रश्न विचारायचे. मोठे आकार जागेवर आहेत का? आणि माहीत नसलेल्या भागात पोत आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल तर लॅम्डा ५०, मग २५ असा खाली आणायचा. पहिल्याचंच उत्तर ‘नाही’ असेल तर लॅम्डाला हात लावायच्या आधी डेटा तपासायचा. जोड्या न जुळण्याबद्दल पुढे लिहिलं आहे, ते आधी वाचा.

माझ्या कोडमध्ये लॅम्डा १०० आहे, पण चित्रं नुसत्या एल१ सारखीच धूसर येतात. का?

तुमचा १०० आणि मूळ १०० एकच आहेत का ते आधी बघा. एल१ सगळ्या पिक्सेलांची सरासरी असायला हवा. कोडमध्ये सरासरीऐवजी बेरीज पडली असेल तर २५६×२५६ च्या तीन रंगांच्या चित्रासाठी तो १,९६,६०८ पटींनी वाढतो आणि डिस्क्रिमिनेटरचं म्हणणं कुणाच्या कानावरच जात नाही. तसंच, पिक्सेल −१ ते १ ऐवजी ० ते २५५ मध्ये राहिले असतील तर एल१ १२७.५ पट होतो. दोन्ही चुका सहज होतात, कुठलाही एरर येत नाही, आणि ट्रेनिंग शांतपणे चालू राहतं.

पॅच-डिस्क्रिमिनेटर म्हणजे चित्राचे ७०×७० चे तुकडे कापून द्यायचे का?

नाही. काहीही कापायचं नसतं. डिस्क्रिमिनेटर हे साधं कन्व्होल्यूशनचं नेटवर्क आहे, फक्त शेवटी सगळं एका आकड्यात गोळा न करता ते मध्येच थांबवलं आहे. पाच थर, प्रत्येकाचा कर्नल ४×४. पहिल्या तिघांची स्ट्राइड २, शेवटच्या दोघांची १. २५६ चं चित्र आत गेलं की बाजू १२८, ६४, ३२, ३१ आणि ३० होत जाते. बाहेर ३०×३० चा तक्ता येतो, म्हणजे ९०० उत्तरं. प्रत्येक उत्तर ‘माझ्यापुढचा भाग खरा वाटतो का’ याचं.

त्यातल्या एका उत्तराला किती चित्र दिसतं? मागून मोजत जा. शेवटच्या थराला ४ पिक्सेल दिसतात. त्याआधीचा थर स्ट्राइड १ चा, म्हणून ७. त्याआधी स्ट्राइड २: (७ − १) × २ + ४ = १६. मग (१६ − १) × २ + ४ = ३४. मग (३४ − १) × २ + ४ = ७०. हे ७० कुणी सेटिंगमध्ये लिहिलेलं नसतं, थरांच्या रचनेतून ते आपोआप येतं. थर वाढवला किंवा स्ट्राइड बदलली की पॅच बदलला. शेजारच्या दोन उत्तरांचे पॅच एकमेकांपासून फक्त ८ पिक्सेल सरकलेले असतात, म्हणजे ते भरपूर एकमेकांवर चढलेले असतात.

यामागचं गृहीतक समजून घ्या: एका पॅचपेक्षा जास्त अंतरावरचे पिक्सेल एकमेकांवर अवलंबून नाहीत, असं डिस्क्रिमिनेटर धरून चालतो. पोत, धार, सावलीची कड यांच्यासाठी हे चालून जातं. चित्राची एकूण रचना सांभाळायला एल१ आहेच, म्हणून डिस्क्रिमिनेटरला एवढंच बघायला सांगून भागतं. एल१ काढून टाकून पॅच तसाच ठेवणारे हे गृहीतक नकळत मोडतात.

पॅच मोठा केला तर चित्र चांगलं येईल ना?

मलाही आधी तसंच वाटायचं. मूळ मोजणी बघा. १×१ च्या पॅचला ०.३९, १६×१६ ला ०.६५, ७०×७० ला ०.६६, आणि सगळं चित्र बघणाऱ्या २८६×२८६ च्या डिस्क्रिमिनेटरला ०.४२. सगळ्यात मोठा पॅच १६ च्याही मागे पडला. त्यात थर जास्त, पॅरामीटर जास्त, आणि त्याला शिकवणं अवघड. शिवाय ९०० उत्तरांमुळे जनरेटरला ‘इथे चूक, तिथे ठीक’ अशी जागेवरची सूचना मिळते. पॅच मोठा होत गेला की ती सूचना बोथट होत जाते.

१×१ मध्ये डिस्क्रिमिनेटरला फक्त रंग दिसतो, पोत दिसतच नाही. तरीही रंगांचा करडेपणा तेवढ्यानेच कमी होतो, धूसरपणा मात्र तसाच राहतो. १६ वर चित्र धारदार होतं, पण फरशी बसवल्यासारखी नक्षी डोकावते. ७० वर ती बरीच ओसरते. ५१२ किंवा १०२४ च्या चित्रांवर काम करत असाल तर विचार पिक्सेलांत नको, वस्तूच्या आकारात करा: ज्या गोष्टीचा पोत खरा दिसायला हवा ती ७० पिक्सेलांत निदान दोन-तीनदा येते का? येत नसेल तर झू यांच्या पायटॉर्च कोडमध्ये `--n_layers_D` ने एक थर वाढवून बघा, मात्र त्यासोबत `--netD n_layers` द्यावं लागतं.

डिस्क्रिमिनेटरला आराखडा दाखवायची गरज काय? एल१ आहेच की जागा सांभाळायला.

प्रश्न रास्त आहे, आणि एल१ असताना फरक खरोखरच छोटा आहे: आराखडा न दाखवता ०.६४, दाखवून ०.६६. एल१ नसताना मात्र आकाशपाताळाचा फरक पडतो. आराखडा न बघणारा डिस्क्रिमिनेटर एकटा असेल तर आकडा ०.२२ वर येतो, कारण जनरेटर कुठल्याही आराखड्याला जवळपास तेच एक खरं वाटणारं चित्र देऊन मोकळा होतो. ते बनावट आहे असं म्हणायला डिस्क्रिमिनेटरकडे कारणच नसतं.

लॅम्डा खाली आणायचा विचार असेल तर म्हणूनच आराखडा डिस्क्रिमिनेटरला दिलाच पाहिजे. करायचं एवढंच की आराखड्याचे ३ आणि चित्राचे ३ असे ६ चॅनल एकत्र करून द्यायचे. खऱ्या आणि बनवलेल्या दोन्ही वेळी आराखडा तोच हवा.

एल१ ऐवजी एल२ वापरला तर?

जास्त धूसर येईल. वरच्या भिंतीत एल१ ने मध्यक, म्हणजे विटेचा रंग निवडला. एल२ सरासरी निवडतो: ०.८ × ०.१ + ०.२ × ०.७ = ०.२२. असा रंग त्या भिंतीत कुठेच नाही. शिवाय मोठ्या चुकांना एल२ जास्त घाबरतो, म्हणून ठळक दर्जेचा धोका तो आणखी टाळतो.

मोठे आकारच दुहेरी किंवा पुसट येतात. लॅम्डा कितीही बदलला तरी तेच.

जोड्या जुळत नाहीत. बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. मूळ पद्धतीत दोन्ही चित्रं आधी २८६×२८६ ची करतात आणि मग त्यातून कुठूनही २५६×२५६ चा भाग उचलतात, म्हणजे दर वेळी थोडं सरकलेलं चित्र मिळतं. मी डेटा वाचायचं कोड नव्याने लिहिलं आणि हे रँडम क्रॉप दोन्ही चित्रांना वेगवेगळं लावलं. दोन्हींच्या सरकण्यात उभं आणि आडवं, ३० पिक्सेलपर्यंत कितीही फरक पडत होता. ट्रेनिंग चाललं, लॉस उतरला, चित्रंही आली, पण खिडक्यांऐवजी खिडक्यांच्या जागी काळपट ढग. मी दोन दिवस लॅम्डा आणि पॅच बदलत बसलो. चूक सापडल्यावर दुरुस्ती तीन ओळींची होती:

```python
i, j = random.randint(0, 30), random.randint(0, 30)
a = a[:, i:i+256, j:j+256]
b = b[:, i:i+256, j:j+256]
```

आरशासारखं उलटवायचं असेल तर तेही दोघांना एकत्रच, एकाच नाणेफेकीवर.

कोड बरोबर असूनही मूळ डेटातच सरकलेपणा असू शकतो, उदाहरणार्थ दोन वेगळ्या वेळी स्कॅन केलेल्या प्रती. तो ओळखायची एक सोपी चाचणी आहे. न शिकवलेल्या ५० जोड्या घ्या. प्रत्येक जोडीत मॉडेलने काढलेलं चित्र खऱ्यावर −८ ते ८ पिक्सेल उभं-आडवं सरकवत न्या आणि एल१ कुठे सगळ्यात कमी येतो ते टिपा. बहुतेक जोड्यांत तो शून्य सरकण्यावर आला तर जोड्या ठीक आहेत. एका जोडीत डावीकडे ४, दुसरीत वर ६, असा विखुरला तर दोष डेटात आहे. सगळ्या जोड्या सारख्याच सरकलेल्या असतील तर मात्र ही चाचणी काही सांगणार नाही, कारण नेटवर्क तेवढं सरकणंही शिकून घेतं. त्यासाठी दोन-चार मूळ जोड्या एकमेकांवर अर्धपारदर्शक ठेवून डोळ्यांनीच बघायच्या.

आणि आराखड्यात रंग म्हणजे वर्ग असेल तर त्याचा आकार बदलताना रंग मिसळू देऊ नका, सर्वात जवळचा पिक्सेल घेणारीच पद्धत वापरा. नाहीतर कडांवर तिसऱ्याच वर्गाचा रंग तयार होतो.

ट्रेनिंग चालू असताना छापले जाणारे आकडे कसे वाचायचे?

मूळ लेखकांपैकी जुन-यान झू यांनी प्रसिद्ध केलेल्या पायटॉर्चच्या कोडमध्ये चार आकडे दिसतात: `G_GAN`, `G_L1`, `D_real`, `D_fake`. यातला `G_L1` आधीच लॅम्डाने गुणलेला असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तो ३० दिसला आणि लॅम्डा १०० असेल तर सरासरी चूक ०.३० आहे, म्हणजे ० ते २५५ च्या मापात साधारण ३८. पोत जिथे माहीतच नाही तिथे हा आकडा मोठा राहणारच. भिंतीच्या उदाहरणात जास्त खरी भिंत १९.२ वर होती आणि खोटी सपाट भिंत १२ वर, हे आठवा. `G_L1` च्या आकड्यावरून उत्तम मॉडेल निवडलं तर तुम्ही मुद्दाम धूसर मॉडेल निवडता.

`D_real` आणि `D_fake` ०.६९ च्या आसपास असतील तर डिस्क्रिमिनेटर नाणं उडवून उत्तर देतोय (२ चा नैसर्गिक लॉगरिदम तेवढाच आहे). दोन्ही शून्याकडे गेले आणि `G_GAN` चढत राहिला, तर डिस्क्रिमिनेटर पुढे निघून गेला. नुसत्या गॅनमध्ये ही धोक्याची खूण असते. इथे एल१ चित्र सावरून धरतो, त्यामुळे लगेच काही कोसळत नाही, पण पोताबद्दल उपयोगी सूचना मिळणं मंदावतं. थोडं मागेपुढे होणं नेहमीचंच आहे, शंभर-दोनशे पायऱ्यांच्या चढउतारावरून काही ठरवू नका. डिस्क्रिमिनेटर हळू शिकावा म्हणून मूळ पद्धतीत त्याचा लॉस अर्धा करतात. स्वतः कोड लिहिलं असेल तर तो भागाकार करायचा राहून गेला नाही ना, ते बघा.

बॅच १ ठेवला की मधल्या थरात एरर येतो. कशामुळे?

जनरेटर यू-नेट आहे. २५६ चं चित्र आठ वेळा निम्मं होत शेवटी १×१ वर पोचतं, आणि उलट्या वाटेने वर येताना प्रत्येक पायरीला उतरतानाच्या त्याच मापाच्या थराची माहिती आडवी जोडून मिळते. तळाशी १×१ आणि बॅच १ असेल तर प्रत्येक चॅनलमध्ये एकच आकडा उरतो. बॅच नॉर्मलायझेशन त्यातून सरासरी वजा करतं, आणि एकाच आकड्याची सरासरी तोच आकडा! उत्तर कायम शून्य. मूळ प्रयोगांतही ही चूक राहिली होती, नंतर लेखकांनीच ती नोंदवली. तळाचा थर गप्प बसला होता आणि आडव्या जोडण्यांनी काम निभावलं होतं. पायटॉर्च अशा वेळी ट्रेनिंग थांबवतं, ते एका अर्थी बरंच आहे. उपाय सरळ आहे: तळाच्या त्या थरावर नॉर्मलायझेशन लावू नका.

त्या आडव्या जोडण्या काढून नुसता उतरणारा-चढणारा जनरेटर वापरू नका. तळातून जाताना जागेची माहिती हरवते, आणि ती कितीही लॅम्डा देऊन परत मिळत नाही.

मोठ्या सपाट भागात एकच नक्षी पुन्हा पुन्हा का उमटते?

आराखड्यात मोठा भाग एकाच रंगाचा असेल तर तिथल्या प्रत्येक जागी कन्व्होल्यूशनला तंतोतंत तेच दिसतं. तेच दिसलं की तेच निघतं. चढताना प्रत्येक पायरीला चित्र दुप्पट होतं, म्हणून ते ‘तेच’ ठराविक अंतराने ठशासारखं उमटत जातं. ७० पिक्सेलांत बघणाऱ्या डिस्क्रिमिनेटरला एक ठसा खरा वाटतो, आणि शेजारी तसाच दुसरा आहे हे त्याला दिसत नाही. एल१ लाही फरक पडत नाही.

डिस्क्रिमिनेटर बदलून हे नीट सुटत नाही, मी प्रयत्न केले आहेत. सुटतं ते आराखड्यात थोडी माहिती घालून: खोली, उजेडाची दिशा, हलक्या कडा, जे हाताशी असेल ते आणखी एक चॅनल म्हणून द्या. सपाट भागात काहीतरी कमीजास्त मिळालं की ठसा मोडतो.

एकाच आराखड्यातून वेगवेगळी चित्रं काढता येतात का?

जवळपास नाही. जनरेटरला वेगळा नॉइज दिला तर तो त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, कारण एल१ ला एकच उत्तर हवं असतं. मूळ पद्धतीत नॉइज म्हणून चढतीच्या पहिल्या काही थरांत ५० टक्के ड्रॉपआउट असतो आणि तो चाचणीच्या वेळीही चालू ठेवतात. त्याने पडणारा फरक किरकोळ आहे. मात्र चाचणीला मॉडेल सवयीने `eval()` मध्ये टाकलं आणि रंग अचानक बदलले, तर कारण इथेच शोधा: ड्रॉपआउट बंद झाला आणि बॅच नॉर्मलायझेशनने समोरच्या चित्राऐवजी साठवलेले आकडे वापरले.

निघालेल्या चित्रातला तपशील मोजमापासाठी वापरता येईल का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. चित्रात दोन प्रकारचा तपशील असतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. खिडकीची जागा आराखड्यातून आली आहे, एल१ ने ती तपासली आहे. दर्जांच्या रेघा डिस्क्रिमिनेटरला पटाव्यात म्हणून काढलेल्या आहेत, त्यांची जागा जनरेटरने मनाने ठरवली आहे. स्कॅनमधली बारीक रेघ, हवाई चित्रातली पायवाट, रात्रीच्या फोटोतल्या पाटीवरची अक्षरं ही अशीच मनाने काढलेली असू शकतात.

तपासायची वाट आहे. त्याच जोड्यांवर लॅम्डा तोच ठेवून, फक्त सुरुवातीचे वेट्स वेगळे घेऊन चार-पाच मॉडेलं शिकवा आणि एकाच आराखड्यावरची त्यांची चित्रं एकमेकांवर ठेवा. जो तपशील सगळ्यांत एकाच जागी येतो, त्याला निदान इनपुटचा किंवा डेटाचा काहीतरी आधार आहे, मग तो खऱ्याशी ताडून बघता येतो. जो दर मॉडेलमागे जागा बदलतो, तो मोजू नका.